सरासरी नका बघू, सेकंद बघा: लोक तुमचा व्हिडिओ नेमका कुठे सोडतात?



गेल्या महिन्याभरात बॅचमधल्या बऱ्याच जणांनी आपापल्या चॅनेलचे स्क्रीनशॉट पाठवले. जवळजवळ सगळ्यांचा प्रश्न एकच: "सर, लोक व्हिडिओ पूर्ण बघत नाहीत, काय करू?" आणि जवळजवळ सगळ्यांनी स्क्रीनशॉट पाठवला होता तो सरासरीचा. म्हणजे Average view duration इतकी इतकी, Average percentage viewed इतके टक्के. त्याच्याच खाली असलेला ग्राफ मात्र कुणी पाठवला नव्हता.

माझं मत स्पष्ट सांगतो. छोट्या दुकानदारासाठी सरासरीचा आकडा जवळपास निरुपयोगी आहे. तो वाईट दिसला की माणूस घाबरतो आणि घाबरून खर्च करतो: नवा माईक, नवा लाईट, एडिटिंगवाला पोरगा. खरं दुखणं बऱ्याचदा वीस-तीस सेकंदांच्या एका तुकड्यात असतं आणि तो तुकडा कापायला एक रुपयाही लागत नाही. तो कुठे आहे हे फक्त ग्राफ सांगतो. म्हणून आज एकच ग्राफ घेऊ आणि तो नीट वाचू.

आधी ती रेघ काय मोजते ते समजून घ्या

यूट्यूब स्टुडिओ उघडा, जमलं तर कॉम्प्युटरवर, कारण मोबाईलवर ग्राफ बारीक दिसतो. Content मध्ये जाऊन तुमचा व्हिडिओ निवडा, मग Analytics. तिथे Key moments for audience retention या नावाखाली एक रेघ दिसेल. आडवी बाजू म्हणजे व्हिडिओची वेळ, उभी बाजू म्हणजे टक्के. रेघेवर बोट किंवा माऊस फिरवला की त्या सेकंदाला किती टक्के उरले होते ते दिसतं, आणि शेजारी व्हिडिओही तिथूनच चालवून बघता येतो. व्हिडिओ किमान एका मिनिटाचा हवा, आणि टाकल्यावर एक-दोन दिवस थांबावं लागतं, कारण हा हिशोब लगेच तयार होत नाही.

आता इथे एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ही रेघ "किती माणसं अजून बसलेली आहेत" हे सांगत नाही. ती सांगते की व्हिडिओचा तो क्षण किती वेळा बघितला गेला, एकूण व्ह्यूजच्या तुलनेत. फरक बारीक वाटेल, पण सगळं वाचन त्यावर अवलंबून आहे.

समजा शंभर व्ह्यूज आहेत. वीस जणांनी मधला एक तुकडा दोनदा टॅप करून पुढे ढकलला. ते गेलेले नाहीत, पण तो तुकडा त्यांनी बघितला नाही, म्हणून रेघ तिथे खाली येते आणि पुढे पुन्हा वर चढते. दुसरीकडे दहा जणांनी एखादी गोष्ट मागे जाऊन परत बघितली, तर त्या जागी रेघ वर उचलली जाते. सुरुवातीच्या भागात असं झालं तर ती शंभराच्या वरही जाऊ शकते. गेलेला माणूस परत येत नाही, पुढे ढकलणारा परत येतो, परत बघणारा दोनदा मोजला जातो.

म्हणून मी बॅचमध्ये या रेघेचे चार आकार शिकवतो, आपल्याच भाषेत. उतार म्हणजे हळूहळू खाली जाणारी रेघ. ती प्रत्येक व्हिडिओला असते, तिची काळजी करू नका. खड्डा म्हणजे खाली जाऊन परत वर येणारी रेघ, इथे लोकांनी पुढे ढकललं. पायरी म्हणजे एकदम खाली आली आणि खालीच राहिली, इथे लोक खरोखर उठून गेले. टेकडी म्हणजे मध्येच वर आलेली रेघ, इथे लोकांनी परत बघितलं. यूट्यूब स्वतःही Intro, Spikes, Dips अशा खुणा दाखवतं, पण खड्डा आणि पायरी यांच्यात ते वेगळा फरक करत नाही. दोन्हींना Dips मध्येच टाकतं. तो फरक तुम्हाला डोळ्यांनी करायचा आहे, कारण दोन्हींचा इलाज वेगळा आहे.

मिरजेच्या ताईंचा ग्राफ

आमच्या बॅचमधल्या एक ताई आहेत, मिरजेला शिलाई मशीनचे पार्ट आणि टेलरिंगचं साहित्य विकतात. त्यांच्या परवानगीने त्यांचा ग्राफ इथे मांडतोय. व्हिडिओचा विषय: "शिलाई मशीनचा धागा सारखा तुटतो? घरीच दुरुस्त करा". लांबी ६ मिनिटं १० सेकंद. व्ह्यूज १,२४०. सरासरी बघितलेला वेळ २ मिनिटं २८ सेकंद, म्हणजे साधारण ४० टक्के.

ताईंनी या सरासरीचा अर्थ काढला की लोक २:२८ ला कंटाळून जातात. ऐकायला बरोबर वाटतं, नाही का? त्यांनी तो भाग परत शूट करायचा ठरवला, आणि चित्र चांगलं यावं म्हणून ३५ हजारांच्या कॅमेऱ्याचं कोटेशनही आणलं. मला विचारलं, "सर, घेऊ का?"

मी म्हटलं, "ताई, आधी ग्राफवर २:२८ ला काय होतंय ते दाखवा."

काहीच होत नव्हतं. २:२८ ला ताई मशीनचं चाक हाताने फिरवून बॉबिनचा धागा वर घेतात, आणि रेघ तिथे आरामात चालली आहे. सरासरीचं असंच असतं. अर्धे लोक पहिल्या अर्ध्या मिनिटात गेले आणि उरलेले बरेच पुढे बसले, तर सरासरी मधलाच कुठला तरी वेळ दाखवते, जिथे प्रत्यक्षात फारसं कुणी उठलेलं नसतं. दुकानात सकाळी दहाला आणि रात्री आठला गर्दी असते म्हणून दुपारी तीनला जास्तीचा माणूस ठेवण्यासारखं आहे हे.

आता खरा ग्राफ बघा.

पहिल्या सहा सेकंदांत रेघ १०० वरून ९१ वर आली. हे चांगलं आहे. ताई थेट मशीन चालू करतात, धागा तुटतो, आणि म्हणतात, "असं होतंय ना तुमच्याकडे?" ज्याने हाच प्रश्न शोधला तो माणूस थांबणारच.

मग ०:०६ ते ०:३४ असे अठ्ठावीस सेकंद: नमस्कार, दुकानाचं नाव, दुकान कधी सुरू झालं, कुठल्या चौकात आहे, आणि सबस्क्राईब करा, बेल दाबा. या भागात रेघ ९१ वरून ५४ वर येते. म्हणजे सदतीस टक्के, साधारण साडेचारशे व्ह्यूज. नंतर ०:४० पर्यंत ती परत थोडी चढून ५८ ला जाते.

हा पायरी आणि खड्डा एकत्र आहे. जे चार टक्के परत आले ते पुढे ढकलणारे होते. मोबाईलवर दोनदा टॅप केलं की व्हिडिओ दहा सेकंद पुढे जातो. ०:०६ ला कंटाळलेल्या माणसाने तीनदा तसं केलं की तो ०:३६ ला पोचतो, अगदी जिथे मुद्दा सुरू होतो. बाकीचे तेहतीस टक्के परत आलेच नाहीत.

पुढे ०:४० ते १:५५ नुसता उतार: ५८ वरून ५१. इथे ताई सुई बदलायला शिकवतात, सुईची चपटी बाजू कुठे यायला हवी ते दाखवतात. बोलणं साधं, पाठीमागे रस्त्याचा आवाज, उजेड यथातथाच. तरी लोक बसलेत. सव्वा मिनिटात फक्त सात टक्के गेले. कॅमेऱ्याच्या कोटेशनचं उत्तर मला इथेच मिळालं. चित्र खराब म्हणून लोक जात असते तर ते इथेही गेले असते.

२:१० ला एक टेकडी: रेघ ५७ पर्यंत वर येते. इथे ताई धागा ओवतात, वरच्या खिळ्यातून टेन्शनच्या चकत्यांमध्ये, तिथून टेकअपमध्ये आणि मग सुईत.

मग २:४० नंतर रेघ ४७ च्या आसपास, आणि ३:०५ ते ३:२० या पंधरा सेकंदांत ४६ वरून २९. परत वर येत नाही. स्वच्छ पायरी. साधारण दोनशे दहा व्ह्यूज एका झटक्यात बंद. तिथून पुढे परत हळू उतार, ४:४० ला २३ टक्के, आणि शेवटी ५:५० ला "चला तर मग भेटूया" म्हटलं की उरलेलेही पटापट जातात.

आता दुकानदाराच्या नजरेने बघा. ४:४० ला काय आहे? ताई तिथे सांगतात की जुना, वाळलेला किंवा हलका धागा तुटतोच, दोन रिळं हाताने ओढून दाखवतात, आपल्याकडे कुठला धागा मिळतो ते सांगतात आणि व्हॉट्सअॅप नंबर देतात. म्हणजे ज्यासाठी ताईंनी हा व्हिडिओ केला तो तुकडा शंभरातल्या तेवीस व्ह्यूजनाच दिसला.

गुन्हा त्या सेकंदाला होत नाही, त्याच्या आधी होतो

३:०५ ला काय होतं हे बघायला ताईंनी व्हिडिओ ३:०५ ला लावला. तिथे त्या टेन्शनचा स्क्रू दाखवायला सुरुवात करतात. त्या म्हणाल्या, "सर, टेन्शनचा विषय लोकांना अवघड वाटतो बहुतेक. काढून टाकते."

थांबा. ही इथली सगळ्यात मोठी फसगत आहे. माणूस कारण घडल्या घडल्या बाहेर पडत नाही. आधी त्याचं मन उठतं, मग अंगठा हलतो. मध्ये काही सेकंद जातात. म्हणून जिथे रेघ पडायला लागते तिथून मागे दहा-पंधरा सेकंद जा आणि तिथून बघत या. त्यातही नुसतं ऐका, स्क्रीनकडे बघू नका. बोलण्यातली चूक कानाला लवकर कळते.

२:५२ पासून लावलं. २:५७ ला ताई म्हणतात, "तर ही झाली मुख्य कारणं. नव्वद टक्के वेळा एवढ्यानेच काम होतं. आता अजून एक-दोन छोट्या गोष्टी सांगते."

बघा, ताईंनी स्वतःच सांगितलं की काम झालं. समोरचा माणूस मशीनसमोर बसलाय, त्याला धागा ओवून बघायचाय. तो "छोट्या गोष्टीं"साठी कशाला थांबेल? टेन्शनच्या विषयाने कुणाला पळवलं नाही. टेन्शनचा विषय येण्याआधीच ताईंनी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं होतं. त्या ऐकून टेन्शनचा भाग काढून टाकला असता तर धागा तुटण्याचं एक खरं कारणच व्हिडिओतून गेलं असतं आणि पायरी पुढच्या व्हिडिओतही तशीच राहिली असती.

असे निरोपाचे शब्द आपल्या सगळ्यांच्या बोलण्यात असतात. "तर मित्रांनो", "थोडक्यात सांगायचं तर", "आशा आहे तुम्हाला समजलं असेल", "अजून एक सांगायचं म्हणजे". लोकांना हे शब्द पाठ आहेत. ते कानावर आले की अंगठा उठतो. शेवटच्या वीस सेकंदांत ते आले तर काही बिघडत नाही, तिथली घसरण सगळ्यांचीच असते, ती सोडून द्या. पण व्हिडिओच्या मध्यावर आले तर तिथे पायरी पडते.

टेकडी दिसली म्हणून खुश होऊ नका

२:१० ची टेकडी बघून ताई खुश झाल्या होत्या. "हा भाग लोकांना आवडला, सर." स्पाईक म्हणजे लोकांनी परत बघितलं, इतकंच नक्की असतं. का बघितलं ते व्हिडिओत जाऊन बघावं लागतं.

तिथे काय दिसतं? धागा टेन्शनच्या चकत्यांमध्ये जातो त्या क्षणी ताईंचा उजवा हात कॅमेऱ्याच्या मधे येतो. धागा कुठून कुठे गेला ते दिसतच नाही. लोक तीन-तीनदा मागे जाऊन तेच शोधत होते. गाण्याच्या किंवा विनोदाच्या व्हिडिओत टेकडी म्हणजे दाद असेल. "कसं करायचं" शिकवणाऱ्या व्हिडिओत मी आधी हाच संशय घेतो की नीट दिसलं नाही किंवा फार पटकन झालं. कमेंट वाचल्या तर दोघींनी तेच विचारलं होतं: "ताई, धागा चकतीत कसा घातला ते परत दाखवा."

हा कॅमेऱ्याच्या किमतीचा प्रश्न नाही, तो कुठे ठेवला याचा आहे. मोबाईल मशीनच्या डाव्या बाजूला, सुईच्या उंचीवर ठेवला की हात मधे येत नाही. आणि फूट वर उचलून धागा घालायचा, कारण फूट खाली असेल तर चकत्या आवळलेल्या राहतात आणि धागा त्यांच्यात नीट बसत नाही. हे वाक्य ताई बोलल्याच होत्या, पण हात आड आल्यामुळे दिसलं नाही.

मग बदललं काय?

जुन्या व्हिडिओत आपण नवीन काही घालू शकत नाही, पण कापू शकतो. स्टुडिओमध्ये त्या व्हिडिओच्या Editor मध्ये Trim & cut आहे. New cut घ्यायचं, तुकड्याची सुरुवात आणि शेवट ठरवायचा, आधी प्रिव्ह्यू बघायचा आणि मग सेव्ह करायचं. लिंक तीच राहते, व्ह्यूज आणि कमेंट तशाच राहतात. प्रोसेसिंगला वेळ लागतो, तोपर्यंत जुनाच व्हिडिओ दिसत राहतो. मूळ फाईल मात्र तुमच्याकडे जपून ठेवा. आणि डिस्क्रिप्शनमध्ये वेळा टाकून चॅप्टर केले असतील तर कापल्यानंतर त्या वेळा बदलायला विसरू नका, नाहीतर सगळे पुढे सरकलेले दिसतात.

ताईंनी दोनच कट घेतले. पहिला ०:०६ ते ०:३४. आता "असं होतंय ना तुमच्याकडे?" याच्या पाठोपाठ थेट "पहिलं बघा सुई" येतं. दुकानाचं नाव आणि पत्ता डिस्क्रिप्शनमध्ये आणि पिन केलेल्या कमेंटमध्ये गेला. दुसरा कट २:५७ पासूनची ती निरोपाची तीन वाक्यं. एकूण अर्ध्या मिनिटाच्या आसपास काढलं. शूटिंग शून्य, खर्च शून्य.

खरी परीक्षा मात्र पुढच्या व्हिडिओत होती: "खालून धाग्याचा गुंता होतो, काय करावं?" इथे ताईंनी तीन गोष्टी वेगळ्या केल्या. नमस्कार एका वाक्यात, तोही चालत्या मशीनवर. एक कारण संपताना पुढचा प्रश्न: "सुई बरोबर आहे, धागा बरोबर ओवलाय, तरी गुंता होतोय? मग चकत्यांमध्ये कचरा अडकलाय का बघा." म्हणजे दार बंद करायच्या आधी पुढचं दार उघडलेलं. आणि तिसरी गोष्ट, जिच्यासाठी मी सगळ्यात जास्त आग्रह धरला: धाग्याच्या रिळांचा भाग शेवटून उचलून मधे, दोन मिनिटांच्या आसपास आणला. तो जाहिरात म्हणून ठेवला नाही, तपासणीची एक पायरी म्हणून ठेवला. धागा हाताने ओढून बघा, सहज तुटला तर मशीनला दोष देऊ नका.

या व्हिडिओत ०:३० ला ७० टक्के टिकले, आधी तिथे ५४ होते. धाग्याचा तुकडा ४८ टक्के व्ह्यूजमध्ये बघितला गेला, आधी २३ होते. आणि हो, शेवटपर्यंत बघणारे जवळपास तेवढेच राहिले. ताईंना त्याचं वाईट वाटलं, मला नाही.

कारण शेवटपर्यंत बसवून ठेवणं हा आपला धंदा नाही

इथे माझं आणि बऱ्याच यूट्यूब शिकवणाऱ्यांचं पटत नाही. ते सांगतात, उत्तर शेवटी ठेवा, "शेवटपर्यंत बघा, शेवटचा उपाय सगळ्यात भारी" असं सुरुवातीला म्हणा. रेघ कदाचित थोडी वर राहील. पण तुम्ही दुकानदार आहात. भाव विचारला तर आधी सगळं दुकान फिरवून दाखवणाऱ्या दुकानदाराकडे गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही. ज्याला तिसऱ्या मिनिटाला उत्तर मिळालं, ज्याने व्हिडिओ बंद करून मशीन दुरुस्त केलं आणि मग धाग्यासाठी मेसेज केला, तो ग्राफमध्ये "सोडून गेलेला" दिसतो. आपल्यासाठी तोच सगळ्यात चांगला प्रेक्षक आहे.

म्हणून प्रत्येक पायरीला दोन प्रश्न विचारा. हे लोक कंटाळून गेले की काम झालं म्हणून गेले? आणि मला जे दाखवायचं होतं ते या पायरीच्या आधी येऊन गेलं का? काम झालं म्हणून गेले असतील आणि तुमची वस्तू आधी दिसली असेल, तर त्या पायरीला हात लावू नका.

कुठल्या ग्राफवर विश्वास ठेवायचा नाही

शंभरच्या आत व्ह्यूज असतील तर ग्राफ उघडूच नका. चाळीस व्ह्यूज असले की एक माणूस म्हणजे अडीच टक्के. दोघांना मध्येच फोन आला तरी तुम्हाला पायरी दिसेल. एका बाजूने व्ह्यूज वाढू द्या, दुसऱ्या बाजूने एखादं ओळखीचं गिऱ्हाईक शेजारी बसवा, मोबाईल त्याच्या हातात द्या आणि तो कुठे पुढे ढकलतो ते बघा. वीस-पंचवीस व्ह्यूजच्या ग्राफपेक्षा ते जास्त सांगतं.

दुसरं, व्ह्यूज कुठून आले ते बघा. नवीन व्हिडिओची लिंक आपण पहिल्यांदा कुठे टाकतो? घरच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर. मावशी प्रेमाने उघडतात, पाच सेकंद बघतात, अंगठा देतात आणि बंद करतात. त्यांना शिलाई मशीन शिकायचंच नसतं. सुरुवातीच्या ऐंशी व्ह्यूजमध्ये असे तीस असले तर Intro चा आकडा पडलेला दिसणार, आणि तुम्ही चांगली सुरुवात उगाच बदलणार. Advanced mode मध्ये व्ह्यूज कुठल्या मार्गाने आले ते वेगळं करून बघता येतं. यूट्यूबवर शोधून आलेल्यांकडे आधी बघा, कारण त्यांना तुमचं उत्तर खरंच हवं होतं. पैसे देऊन जाहिरात चालवली असेल तर तो आकडा यात मिसळू नका.

तिसरं, दुसऱ्याच्या टक्केवारीशी तुलना नको. "माझे साठ टक्के येतात" म्हणणाऱ्याचा व्हिडिओ दीड मिनिटाचा असतो आणि तुमचा बारा मिनिटांचा. यूट्यूब स्वतः तुमच्या साधारण त्याच लांबीच्या गेल्या दहा व्हिडिओंशी तुलना करून तुम्ही नेहमीपेक्षा वर आहात की खाली ते सांगतं. आपल्याला तेवढं पुरे.

आणि चौथं, ग्राफ "कधी" सांगतो, "का" सांगत नाही. "का" तुम्हाला तुमच्याच व्हिडिओत, कमेंटमध्ये आणि गिऱ्हाईकाच्या चेहऱ्यावर शोधावं लागतं. म्हणून एका व्हिडिओत सगळं बदलू नका. सुरुवात, क्रम, कॅमेरा, थंबनेल एकदम बदललं आणि रेघ सुधारली, तर कशामुळे ते कळणार नाही. बिघडली तर तेही कळणार नाही.

या आठवड्याचं काम

तुमचा सगळ्यात जास्त चाललेला एक व्हिडिओ घ्या. कागदावर तीन रकाने आखा: वेळ, रेघेचा आकार, आणि त्याच्या दहा-पंधरा सेकंद आधी मी नेमकं काय बोललो ते शब्दाला शब्द. शब्दाला शब्द यासाठी की "परिचय दिला" असं लिहिलं तर काही कळत नाही, पण "आमचे दुकान सन अमुक पासून आपल्या सेवेत" असं लिहिलं की आपल्यालाच हसू येतं. फक्त सगळ्यात मोठी पायरी आणि सगळ्यात मोठी टेकडी, दोनच नोंदी करा. त्यातली एक दुरुस्ती पुढच्या व्हिडिओत करा.

मिरजेच्या ताईंनी कॅमेऱ्याचं कोटेशन परत दिलं. त्या पैशातून त्यांनी धाग्याचे अजून काही शेड भरले, कारण व्हॉट्सअॅपवर आता रंग विचारले जातात.

तुमच्या ग्राफमधली सगळ्यात मोठी पायरी कितव्या सेकंदाला आहे आणि त्याच्या आधी तुम्ही कुठलं वाक्य बोललात, ते कमेंटमध्ये लिहा. निवडक पाच ग्राफ पुढच्या व्हिडिओत आपण एकत्र बसून वाचू.